सावली आणि साक्ष

छातीची फिल्म हातात आली की माझी नजर आधी गळ्याखालच्या दोन आडव्या हाडांमागे जाते. फुप्फुसांची टोकं तिथे दडलेली असतात आणि क्षयाला नेमकी तीच जागा मानवते. उभ्या माणसाच्या फुप्फुसात वरच्या भागाला रक्त कमी आणि त्या मानाने हवा जास्त मिळते. साहजिकच तिथे प्राणवायू भरपूर राहतो, आणि या जंतूला प्राणवायू हवाच असतो. वर्षानुवर्षं निपचित पडलेला जंतू पुन्हा डोकं वर काढतो, तो बहुधा तिथेच.

आधी कापसाच्या पुंजक्यासारखा धूसर डाग दिसतो. मग त्यातलं मेलेलं ऊतक मऊ पडतं, श्वासनळीत वाहून जातं आणि खोकल्यावाटे बाहेर पडतं. मागे जी रिकामी जागा उरते ती पोकळी. फिल्मवर ती जाड कडेच्या काळ्या वर्तुळासारखी दिसते.

मी बडोद्याला असतो. इथून खंभात फार लांब नाही. तिथे घरोघरी अकीक घासून मणी बनवतात. असाच एक कारागीर बायकोबरोबर माझ्याकडे आला. वय बेचाळीस. दोन महिने खोकला, संध्याकाळी कणकण, कपडे सैल झालेले, आणि दोनदा थुंकीत रक्ताची रेघ. फिल्ममध्ये दोन्ही बाजूंना वरती दाट डाग होते आणि उजवीकडे हाडाखाली पोकळी. बाईंच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीची फिल्मही होती. डाग तेव्हाही होते, पोकळी नव्हती.

"साहेब, टीबीच ना?" बाईंनी विचारलं.

नवी पोकळी, ताप, घटलेलं वजन, सगळं तिकडेच बोट दाखवत होतं. पण अकीकाच्या धुळीतला सिलिकाही फुप्फुसात वरच्या भागातच गाठी करतो. त्या गाठी एकत्र येऊन मोठा गोळा होतो आणि त्यालाही कधी कधी मधून पोकळी पडते. कर्करोगाला पडते, साध्या गळवालाही पडते. त्यातून ही धूळ क्षयाला वाटही करून देते. जंतूंना गिळणाऱ्या पेशी सिलिकाचे कण गिळून मरतात, आणि फुप्फुसाची राखण ढिली पडते. म्हणजे या माणसाला एक आजार असू शकत होता, दुसरा असू शकत होता, किंवा दोन्ही. सावली कुठे पडली ते फिल्म सांगते, कोणाची पडली ते सांगत नाही.

"बेन, ते थुंकी सांगेल," मी म्हटलं.

त्यांनी आणलेल्या पहिल्या डबीत पातळ, फेसाळ लाळ होती. तिची स्लाइड निगेटिव्ह आली, आणि कारागिराचा चेहरा खुलला. पण लाळ तोंडातली असते, पोकळीतली नाही. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सापडायला एका मिलिलिटरमध्ये ते साधारण पाच-दहा हजार तरी असावे लागतात. मी त्याला सांगितलं, सकाळी उठल्यावर चूळ भर, दोन-तीनदा खोल श्वास घे, आणि छातीतून खाकरून काढ. दुसऱ्या डबीत घट्ट, पिवळसर बेडका आला.

तो सीबीनॅटच्या यंत्रात गेला. हे यंत्र जंतूचा डीएनए शोधतं. त्याला मिलिलिटरमागे शंभर-सव्वाशे जंतूही पुरतात, आणि दोनेक तासांत उत्तर मिळतं. क्षयाचे जंतू सापडले. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतील, हेही त्याच चाचणीत कळलं. फिल्मवरून हे कधीच कळलं नसतं.

त्याच नमुन्याचा थोडा भाग आम्ही कल्चरलाही पाठवला होता. कल्चरला आठवडे लागतात, पण वाढतो तो जिवंत जंतूच. पूर्वी क्षयाचे उपचार झालेल्या माणसात हा फरक फार मोलाचा असतो, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ मागे राहू शकतो आणि यंत्राला तोही दिसतो. या कारागिराने क्षयाची औषधं पूर्वी कधी घेतली नव्हती, त्यामुळे औषधं सुरू करायला आम्ही कल्चरची वाट पाहिली नाही. तिसऱ्या आठवड्यात जंतू वाढल्याचा निरोप आला.

कागदावर मी दोन्ही आजार लिहिले. नुसता टीबी लिहिला असता तर धूळ नोंदीतून निसटली असती. तो बरा होऊन पुन्हा त्याच घासणीसमोर बसला असता. नुसती धूळ म्हटली असती तर त्याच्या खोकल्यातून घरातली मुलं आजारी पडली असती. धुळीने भरलेल्या फुप्फुसात औषधं नेहमीच्या सहा महिन्यांहून जास्त चालवावी लागतात, हेही सांगितलं.

बाईंनी दोन्ही फिल्म एकाच पाकिटात घातल्या. "जुनी टाकू का?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "ती आधी जपा. पुढची फिल्म तिच्याशेजारीच लावायची आहे."