घर बांधून होईपर्यंत थांबायचं की तयार घ्यायचं?



पुण्यात नोकरी करणारी माझी पुतणी पहिलं घर घेते आहे. दोन फ्लॅट आवडलेत. एक बांधकाम चालू असलेला, ६२ लाखांचा, ताबा अडीच वर्षांनी. दुसरा तयार, ६७ लाखांचा. "काकू, पाच लाख वाचतात, पण मला थांबणं जमत नाही," म्हणाली. म्हटलं, आधी पाच लाख खरंच वाचतात का ते पाहू.

बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३ लाख १० हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर तो नाही. म्हणजे फरक उरला १ लाख ९० हजारांचा. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे आहे, ते बाजूला ठेवलं.

तिचे स्वतःचे १५ लाख आहेत, बाकी कर्ज साडेआठ टक्क्यांनी. तयार घरासाठी ५२ लाखांवर महिन्याचं व्याज सुमारे ३६,८०० रुपये. बांधकामाच्या घराचं कर्ज बँक टप्प्याटप्प्याने देते. सरासरी २५ लाख धरले तर व्याज १७,७००, आणि शिवाय सध्याचं भाडं १८,०००. बेरीज ३५,७००. म्हणजे अडीच वर्षं दोन्हीकडचा खर्च जवळजवळ सारखाच!

खरी गोष्ट ताबा लांबला की सुरू होते. तोवर ४७ लाख तरी उचललेले असतात. त्यांचं व्याज ३३,३०० आणि भाडं मिळून ५१,३००. तयार घरापेक्षा महिन्याला साधारण १४,५०० जास्त. या हिशेबाने १ लाख ९० हजार तेरा महिन्यांत संपतात. तिला म्हटलं, वर्षभराचा उशीर तुला सोसवेल का, एवढाच प्रश्न आहे.

उशीर होईल का, याचा अंदाज महारेराच्या संकेतस्थळावर येतो. प्रकल्पाच्या पानावर ताब्याची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख दोन्ही असतात. याच बिल्डरचे जुने प्रकल्पही पाहावेत. तिच्या बिल्डरने आधीच्या दोन्ही इमारतींची तारीख वाढवून घेतली होती. विक्री कार्यालयातला माणूस तोंडी सांगतो ती तारीख धरायची नाही, नोंदणीकृत करारातली धरायची. ती उलटली तर कायद्याने व्याज मागता येतं, पण ते मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात, आणि धीर कमी असलेल्या माणसाला तेच नको असतं.

तयार घरातही एक गोष्ट तपासावी: महापालिकेचा भोगवटा दाखला. रंग लागला, लिफ्ट चालू झाली म्हणजे घर तयार झालं असं नाही. दाखला नसेल तर पाण्याच्या जोडणीपासून अडचणी येतात.

पुतणीने दाखला पाहून तयार घर ठरवलं. पण जिला आईवडिलांकडे राहता येतं, भाडं भरावं लागत नाही, तिचा हिशेब उलटा येईल. म्हणून आपल्या भाड्याचा आकडा घालूनच बेरीज करा.