शेळ्या नव्हे, गव्हाणी मोजा

पशुपोषणाचे विद्यार्थी आकडेमोडीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी गोठ्याचा नकाशा मागते. परवाचा प्रयोग नमुनेदार होता. वीस करडं, चिठ्ठ्या टाकून दहा-दहाचे दोन गट. एका कप्प्यात नेहमीचं खाद्य, दुसऱ्यात नवं मिश्रण. महिनोन्महिने वजनं घेतलेली, वाढीत फरकही दिसतोय. विद्यार्थ्याने अठरा डिग्री ऑफ फ्रीडम धरून टी-टेस्ट लावली होती.

मी विचारलं, “नवं खाद्य किती ठिकाणी घातलंत?”

“एकाच गव्हाणीत, मॅडम. पण करडं दहा आहेत ना!”

अडचण इथेच आहे. दहा करडं एका गव्हाणीत तोंड घालतात, एकच हौद पितात, एकाच दमट कोपऱ्यात बसतात. एकाला हगवण लागली तर बाकीच्यांनाही लागते. एक दांडगट करडू चार जणांना गव्हाणीपाशी येऊ देत नाही. वाढीतला फरक खाद्याचा की कप्प्याचा, हे या आकड्यांतून वेगळं काढताच येत नाही, कारण प्रत्येक खाद्याला कप्पा एकच. चिठ्ठ्या टाकल्याने सुरुवातीची वजनं सारखी झाली. पुढचं सहजीवन मात्र चिठ्ठीच्या हातात नसतं.

हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हटलं. मी ‘खोटी पुनरावृत्ती’ म्हणते. त्यांनी परिसरशास्त्रातले 176 प्रयोग तपासले होते. सांख्यिकी कसोटी वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत ती सापडली.

कप्प्यातल्या करडांच्या वाढीतलं आपसांतलं साम्य 0.3 धरलं, तर दहा करडांची माहिती जेमतेम 2.7 स्वतंत्र करडांएवढी भरते. आणि कप्पा एकच असेल, तर हे साम्य मोजण्याचीही सोय नाही. प्रत्येक करडाचं वजन तीनदा करून साठ आकडे जमवणारेही भेटतात. त्याने काटा किती हलतो ते कळतं, बाकी काही नाही.

तीच वीस करडं दोन-दोनच्या दहा कप्प्यांत ठेवली आणि कप्प्यांना चिठ्ठ्यांनी खाद्य वाटलं, तर प्रत्येक खाद्याला पाच कप्पे येतात. कप्प्याची सरासरी हा एक आकडा. डिग्री ऑफ फ्रीडम आठ. पाच टक्क्यांच्या पातळीला टी 2.31 लागतो, अठराला लागणाऱ्या 2.10 पेक्षा थोडाच जास्त. खाद्यामागे दोनच कप्पे असते तर मात्र 4.30 लागला असता. करडं सुटी बांधून प्रत्येकाला वेगळी गव्हाण दिली आणि दोन्ही खाद्यांची करडं रांगेत मिसळून ठेवली, तर करडू हेच एकक. जनावरं तीच, फक्त खाद्य देण्याची रीत बदलली. कामगार कुरकुरतात, कारण घमेली वाढतात. त्यांचं खरंच आहे.

तपासायला सोपी खूण आहे. तक्त्यातल्या एररचे डिग्री ऑफ फ्रीडम बघा. ते कप्प्यांच्या एकूण संख्येहून जास्त निघाले, तर कुणीतरी जनावरं मोजली आहेत.

प्रयोग उरकला असेल तर दोन्ही कप्प्यांच्या सरासऱ्या लिहा, निरीक्षण म्हणून छापा. पी-व्हॅल्यू मात्र लिहू नका.