टोळ्या आल्या की

रोज हलणाऱ्या मालाची सांगली आणि सातारा अशी दोन गोदामं मी सांभाळतो. साबण, बिस्किटं, तेलाचे डबे, चहा. यातल्या पाव किलोच्या चहापुड्यानं मला जेवढं अडचणीत आणलं, तेवढं दुसऱ्या कुठल्याच मालानं आणलं नाही. म्हणून हिशेब त्याचाच मांडतो.

आमची जुनी रीत सरकत्या सरासरीची. गेल्या चार आठवड्यांत गेलेल्या पेट्यांची बेरीज करायची, चारानं भागायचं, आणि जो आकडा येईल तो पुढच्या आठवड्याचा अंदाज. नवा आठवडा आला की सर्वांत जुना गळतो. सांगलीत एका ऑक्टोबरात ३८, ४२, ४१, ३९ अशा पेट्या गेल्या, म्हणजे अंदाज ४०. मागणी टाकायची आठवड्यातून एकदा आणि गाडी यायला आणखी एक आठवडा, म्हणून हातातला आणि वाटेतला माल मिळून दोन आठवडे पुरला पाहिजे. त्याच्या ८० पेट्या. वर थोडी उशी लागते, कारण अंदाज चुकतोच. शांत दिवसांत माझी चूक सरासरी ४ पेट्यांची. तिची सव्वापट केली की विचलनाचा साधारण आकडा मिळतो, ५. दोन आठवड्यांसाठी २ च्या वर्गमुळानं गुणून ७, आणि शंभरात पंच्याण्णव वेळा माल पुरावा म्हणून १.६५ नं गुणून १२. एकूण ९२ पेट्या. वर्षातले बहुतेक महिने हे गणित चोख चालतं.

मग उसाचा हंगाम आला. कुंडल, साखराळे, रेठरे या पट्ट्यात कारखान्यांची मोळी पडली, की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात आणि आजूबाजूच्या गावांतल्या दुकानांत चहा, साखर, तेलाचा खप एकदम चढतो. त्या वर्षी पहिल्या आठवड्यात ४६ पेट्या गेल्या. दुसऱ्या आठवड्यात दुकानदारांना ५४ हव्या होत्या, पण ९२ मधल्या उरल्या होत्या ४६. शनिवारपर्यंत गोदामात चहाचं एक खोकं नव्हतं.

खरी गोम पुढे आहे. वहीत मी दुसऱ्या आठवड्याचा आकडा ४६ च लिहिला, कारण गेल्या तेवढ्याच. त्या आठवड्याचा अंदाज ४२ होता, म्हणजे चूक दिसली अवघ्या ४ पेट्यांची, नेहमीसारखी. चुकांची चिन्हासकट बेरीज ठेवायची आणि ती सरासरी चुकीच्या चौपटीवर, म्हणजे आमच्याकडे १६ वर, गेली की थांबून पाहायचं, असा आमचा धोक्याचा इशारा आहे. खरी मागणी लिहिली असती तर ६ आणि १२ मिळून १८ झाले असते आणि इशारा मिळाला असता. वहीत मात्र ६ आणि ४ मिळून १०. संपलेल्या मालानं स्वतःचीच बोंब दाबून टाकली. पुढचा अंदाज निघाला ४३, आणि त्या आठवड्यात मागणी होती ६० पेट्यांची. पाठवायला मिळाल्या ५०.

म्हणून आता प्रत्येक सेल्समनकडे एक छोटी वही असते. दुकानदारानं मागितलं आणि आपण देऊ शकलो नाही, ते तिच्यात लिहायचं. त्यातही जपावं लागतं. दहा मिळतील या आशेनं वीस सांगणारे दुकानदार असतात, आणि आज न मिळालेले दहा तेच पुढच्या आठवड्यातही सांगतात. एकच मागणी दोनदा धरली तर अंदाज उलट्या बाजूनं बिघडतो. म्हणून दुकानाचं नाव आणि तारीख लिहायची, आणि दर सोमवारी मी त्या ओळी स्वतः वाचतो.

त्याच सुमारास मी एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगकडे वळलो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या रॉबर्ट ब्राऊन यांनी ही रीत घडवली आणि १९५९ साली साठ्याच्या अंदाजावर पुस्तक लिहिलं. तिची मांडणी मला फार आवडते. नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज अधिक चुकीचा ठरावीक हिस्सा. त्या हिश्शाला अल्फा म्हणतात. अल्फा ०.२ असेल तर ४० चा अंदाज आणि ४६ ची मागणी यांतून पुढचा अंदाज ४१.२ निघतो. मालागणिक एकच आकडा जपायचा, जुन्या आठवड्यांची रांग ठेवायची नाही, आणि कुठलाही आठवडा एका दिवशी धाडकन गळत नाही, हळूहळू विरतो.

पण हंगामाच्या त्या चार आठवड्यांची खरी मागणी, ४६, ५४, ६० आणि ६१, मी तिच्यातून फिरवून पाहिली. ०.२ नं पाचव्या आठवड्याचा अंदाज आला ५०. ०.४ नं आला ५६. तेव्हा वाटलं, ०.४ च ठेवावा. उन्हाळ्यात ठेवूनही पाहिला. एका दुकानदारानं लग्नसराईसाठी जादा पेट्या उचलल्या की अंदाज उडी मारायचा, मी मागणी वाढवायचो, आणि पुढच्या आठवड्यात माल पडून राहायचा. अल्फा कितीही घ्या, सरासरीला पायरी आणि उसळी यांतला फरक आधी कळत नाही. दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते.

सांगलीच्या टोळ्या ही पायरी. मागणी चढते आणि पाच-सहा महिने वर राहते. साताऱ्याकडची आळंदीची पालखी ही उसळी. लोणंद, तरडगाव, फलटण या मुक्कामांच्या आसपास चहा-बिस्किटांचा खप आठवडाभर दुप्पट होतो, आणि पालखी नातेपुत्यापुढे गेली की मागणी जागेवर येते. तो आठवडा सरासरीत जाऊ दिला तर आषाढभर गोदाम फुगतं. म्हणून पालखीची मागणी मी वेगळ्या पानावर लिहितो आणि सरासरीत नेहमीचा आकडा भरतो. मागच्या वर्षीचा तोच आठवडा बघावा म्हटलं तर तिथेही फसगत होते. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला. आमचा माल तिथीनं हलतो आणि संगणकातला तक्ता इंग्रजी महिन्यांचा.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हाचे आठवडेही मी सरासरीत शून्य म्हणून धरले नाहीत, कोरे ठेवले. पाणी ओसरल्यावर रिकामी दुकानं भरण्यासाठी झालेली खरेदीही कोरीच ठेवली. ती तहान रोजची नव्हती.

टोळ्यांसाठी मात्र अंदाज हातानंच बदलतो. मोळी पडायच्या आधीच सेल्समनना एकच विचारायचं, मुकादम यंदा किती कोयते उतरवणार. मागच्या हंगामात चहा ३६ वरून ५४ वर गेला होता, म्हणजे दीडपट. कोयते साधारण तेवढेच असतील तर ४० चे ६० लिहायचे आणि साठ्याची पातळी ९२ वरून १३२ करायची, पहिली टोळी फडात उतरायच्या आधी. पुढचं काम स्मूदिंगचं. ६० चे ५८ की ६३, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

उतरताना अधिक घाई असते. पट्टा पडला की टोळ्या दोन-तीन दिवसांत गाव सोडतात, आणि सरासरी मात्र ६० वरून हळूहळूच खाली येते. गेल्या मार्चात वाळव्याच्या सेल्समनचा सकाळी सात वाजता फोन आला. "दादा, कोप्या मोडायला लागल्या." मी तसाच गोदामात गेलो, अंदाजाच्या रकान्यात ६१ खोडून ४१ लिहिलं आणि त्या आठवड्याची मागणी पाठवलीच नाही.