माझ्या जागी कोण?

गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात परवा माझी पाळी चहा-बिस्किटांच्या टेबलावर आहे. आज कळलं, आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नांदेडला त्याच सकाळी आहे. लगेच शिबिराच्या पाळ्या लावणाऱ्या काकांना फोन केला. आमच्या देगलुरात माणसं मिळतात, पण आदल्या रात्री कळवलं तर मिळेल त्यालाच उभं करावं लागतं.

आणि ते टेबल कुणालाही देण्यासारखं नाही. साडेतीनशे मिली रक्त दिलेला माणूस तिथं दहा-पंधरा मिनिटं बसतो, आणि भोवळ बहुतेक तेव्हाच येते. आधी जांभया येतात, कपाळावर घाम फुटतो, ओठ पांढरे पडतात. अशा वेळी त्याला आडवं करून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. घाईनं उठू पाहणाऱ्याला थांबवणारा माणूस हवा.

मी शेजारच्या पोराचं नाव सुचवलं. काकांनी विचारलं, "तो स्वतः रक्त देणार आहे का?" देणार होता, तेही सकाळीच. "मग नको. रक्त देऊन दिवसभर उभा राहिला तर त्यालाच आडवं करावं लागंल."

मला हे सुचलं नव्हतं, पण काकांचं पटलं. मग शाळेतल्या एका ताईंना विचारलं. त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच रक्त दिलंय, म्हणजे बायकांसाठीचं चार महिन्यांचं अंतर पूर्ण व्हायचंय; त्या मोकळ्या आहेत. संध्याकाळी त्यांना सगळं समजावलं आणि त्यांचा नंबर काकांना दिला. काकांनी त्यांच्याशी बोलून वहीत नाव बदललं, तेव्हा आईची पिशवी भरायला घेतली.