सोन्याच्या दाव्याला बांधलेला डॉलर

बाबासाहेबांचा १९२३ चा रुपयावरचा ग्रंथ वाचताना आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाने विचारले, "सरकारने मनमानी चलन काढू नये म्हणून सोन्याचा आधार हवा, हे पटले. पण मंदी आली तर?"

आम्ही १९३१ ची अमेरिका घेतली. तिथे २०.६७ डॉलरला एक औंस सोने द्यायला सरकार बांधील होते आणि फेडरल रिझर्व्हच्या नोटांमागे किमान ४० टक्के सोने ठेवावे लागे. २१ सप्टेंबरला ब्रिटनने सोने सोडले. आता डॉलरची पाळी, या भीतीने परदेशी बँका डॉलर देऊन सोने नेऊ लागल्या.

कारखाने बंद पडत होते, म्हणजे कर्ज स्वस्त करायची वेळ. पण व्याज कमी केले तर सोने आणखी बाहेर जाणार! म्हणून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हने ऑक्टोबरमध्ये आठवड्याच्या अंतराने दोनदा दर वाढवला, दीडवरून साडेतीन टक्क्यांवर. सोन्याची गळती आटोक्यात आली, बँका मात्र बुडत राहिल्या. बेकार कामगाराला कोण विचारतो?

१९३३ मध्ये रूझवेल्टने हे दावे सोडले. त्याच वर्षी भाव आणि उत्पादन सावरू लागले.

"मग चलन किती काढायचे, हे ठरवणार कोण?" मुलाचा पुढचा प्रश्न. त्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.