ऑटो, लाईट आणि बोअरचा विसावा

साध्या ऑटोला दोनच गोष्टी कळतात: लाईट आली की मोटर चालू, गेली की बंद. उन्हाळ्यात बोअर पाऊण तासात उपसतो, तिथं हे भागत नाही. म्हणून आमच्या ५ एचपी सबमर्सिबलचं काम मी टप्प्यांत मांडलंय. मोटर कुठल्याही क्षणी एकाच टप्प्यात असते आणि प्रत्येकातून बाहेर पडायच्या वाटा आधीच ठरलेल्या.

पहिला टप्पा थांबा. लाईट आल्यावर तिन्ही फेज नीट आहेत का बघत ३ मिनिटं काढायची. डीपीवरचे सगळे ऑटो एकदम मोटरी उचलतात, व्होल्टेज बसतं. शिवाय पाइपातलं पाणी खाली उतरत असेल तर पंप उलटा फिरत असतो. त्यात मोटर चालू केली तर शाफ्टवर येतं.

दुसरा, पाणी चढणं. आमच्याकडं दीड मिनिट लागतं, मुदत ४ मिनिटं. तोवर करंट ८ अँपिअरच्या आसपास आला नाही तर मोटर बंद, बिघाड. चढायचा वेळ रोज वाढत चालला तर एनआरव्ही गळतोय असं मी धरतो.

मग भिजवणं. इथून तीन वाटा. पाळीचे ३ तास भरले तर काम संपलं. एखादा फेज गेला आणि उरलेल्यांचा करंट चढला तर लगेच बिघाड. करंट ५ च्या खाली येऊन १० सेकंद तिथंच राहिला तर पाणी तुटलं, पण हा बिघाड नव्हे. हा विसावा: ४० मिनिटं, बोअर भरेपर्यंत.

खरी गोम इथंच आहे. समजा रात्री ११ ला पाणी तुटलं. ११:१० ला लाईट गेली, ११:१५ ला आली. साधा ऑटो रिकाम्या बोअरवर मोटर उचलेल. म्हणून विसावा आणि किती वेळा पाणी तुटलं तो आकडा लाईट गेली तरी पुसला जाऊ नये. लाईट आल्यावर उरलेला विसावा आधी पुरा, मगच थांबा. बॉक्समधलं घड्याळ सेलवर चालत नसेल तर सरळ ४० मिनिटं पहिल्यापासून मोजायची. एका रात्रीत तीनदा पाणी तुटलं की मात्र बिघाड.

बिघाडातून आपोआप सुटका नाही. शेतावर जाऊन, बघून, बटण दाबायचं. फोनवरून रिसेट मी मुद्दाम ठेवलेलं नाही. अंथरुणातून कोणीही दाबतं.

एक बिघाड बॉक्सच्या हातातला नाही. बंद सांगूनही करंट दिसतोय म्हणजे काँटॅक्टर चिकटला. तेव्हा तो फक्त फोन करतो, मेन स्विच आपणच जाऊन पाडायचा.