सध्या म्हणजे कधी

मार्चमधल्या एका बुधवारी संध्याकाळी फोनवर निरोप आला. दोन ओळी इंग्रजीत होत्या. पुण्याजवळच्या एका औषध कंपनीला गुणवत्ता विभागाचा प्रमुख हवा आहे, गोपनीय बोलता येईल का, असं विचारलं होतं. खाली मुंबईच्या एका बाईंचं नाव आणि नंबर. मी तेव्हा हैदराबादबाहेरच्या आमच्या कारखान्यात स्वच्छतेच्या नोंदींचे बाड पुढे घेऊन बसले होते. नोकरी बदलायचा विचार डोक्यात नव्हता. पण ‘पुण्याजवळ’ हा शब्द मी दोनदा वाचला, कारण आई वाईला एकटी राहते.

अशा निरोपांना काय उत्तर द्यायचं हे आपल्याला कुणी शिकवत नाही. बहुतेक जण उत्तरच देत नाहीत, किंवा ‘नॉट लुकिंग’ असे दोन शब्द टाकून मोकळे होतात. मीही आजवर तेच करत आले होते. एकदाच वेगळं केलं होतं, नऊ-दहा वर्षांपूर्वी, आणि त्याची अजून लाज वाटते. जायचं नव्हतं, तरी ‘बघू तर खरं’ म्हणून मुलाखतीच्या तीन फेऱ्या दिल्या, ऑफर हातात घेतली आणि ती दाखवून आहे तिथेच पगार वाढवून घेतला. पैसे वाढले. पण ज्या गृहस्थांनी माझ्यासाठी दोन महिने खपून ते जमवलं होतं, त्यांनी परत कधी माझा फोन उचलला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

या वेळी मात्र मला जायचं होतं. फक्त आत्ता नाही.

कारण सांगते. फेब्रुवारीत आमच्याकडे अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे तपासनीस येऊन गेले होते. तपासणी संपताना त्यांना काही खटकलं असेल तर ते ‘फॉर्म ४८३’ नावाच्या कागदावर आक्षेप लिहून देतात. त्याला १५ कामाच्या दिवसांत लेखी उत्तर गेलं, तर पुढची कारवाई ठरवताना ते विचारात घेतलं जातं. आमच्यावरचा एक आक्षेप यंत्रांच्या स्वच्छतेचा होता. एका औषधानंतर त्याच भांड्यात दुसरं औषध करायचं, तर आधीच्याचा अंश किती उरतो हे आम्ही पुरेशा ठिकाणी तपासलं नव्हतं. आम्ही उत्तरात लिहून दिलं, की पद्धत सुधारू, नमुने घ्यायच्या जागा वाढवू आणि लागोपाठ तीन बॅचनंतरची स्वच्छता नव्याने सिद्ध करून दाखवू. खाली तारीख होती ३१ ऑक्टोबर आणि सही माझी.

एवढा उशीर का, तर ते औषध आम्ही बारा महिने करत नाही. वर्षातून दोनदाच त्याच्या बॅचेस लागतात. जूनच्या बॅचेसपर्यंत तपासणीची नवी पद्धत तयार होणं शक्य नव्हतं. पोलादाच्या पत्र्यावर ठरावीक अंश मुद्दाम लावायचा, कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यायचा आणि त्यातला किती परत हाती लागतो हे मोजायचं, इथपासून सुरुवात होती. म्हणजे उरल्या सप्टेंबरच्या बॅचेस. तीन बॅचमध्ये एक जरी फसली तरी मोजणी पुन्हा एकपासून.

शुक्रवारी रात्री घरून, माझ्या स्वतःच्या फोनवरून, मी त्या बाईंना फोन लावला. आधी इंग्रजीत बोललो. माझ्या आडनावावरून त्यांनी ‘मराठीत बोललं तर चालेल ना मॅडम?’ विचारलं आणि पुढचं सोपं झालं.

मी पहिल्यांदा विचारलं, की हे काम फक्त तुमच्याकडे आहे की आणखी चार जणांकडे. यात उत्सुकता नव्हती. या धंद्यात दोन तऱ्हा आहेत. एकात कंपनी एकाच संस्थेला शोध सोपवते आणि तिची फी टप्प्याटप्प्याने देते. काही पैसे कुणी रुजू होण्याआधीच मिळालेले असतात. दुसऱ्यात जो माणूस आणून बसवील त्यालाच पैसे, बाकीच्यांना भोपळा. तिथे शर्यत असते, आणि शर्यतीत कधीकधी आपला सीव्ही आपल्याला न विचारताच तिकडे पोचतो. आमच्या एका सहकाऱ्याचा असाच फिरत फिरत आमच्याच वरिष्ठांच्या ओळखीच्या माणसाच्या टेबलावर गेला होता. त्याला पुढचं वर्षभर कुठल्याही महत्त्वाच्या बैठकीला बोलावलं नाही. बाईंचं काम पहिल्या तऱ्हेचं होतं. मग मी विचारलं, माणूस कधीपर्यंत हवा. त्या म्हणाल्या, ऑगस्ट.

फोन ठेवला आणि कागदावर हिशेब मांडला. मुलाखती, ऑफर, कागदपत्रं यात सहा-सात आठवडे, म्हणजे मे मध्यावर. माझी नोटीस नव्वद दिवसांची, म्हणजे ऑगस्ट मध्यावर. त्यांना हवं तेच. माझं काम संपणार ऑक्टोबरअखेर. अंतर फक्त अडीच महिन्यांचं! त्या अडीच महिन्यांनी मला दोन रात्री झोपू दिलं नाही. आज हो म्हटलं तरी प्रत्यक्ष निघायला ऑगस्ट उजाडेल. तोवर पद्धत तयार होईल, माणसं शिकलेली असतील, सप्टेंबरच्या बॅचेस माझ्या हाताखालची मुलगी काढेल. ती हुशार आहे, वरंगळची, माझ्याहून काटेकोर.

पण नोटीस दिलेल्या माणसाचं कारखान्यात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तो त्याच खुर्चीत असतो, पण त्याचं ‘नाही’ कुणी ऐकत नाही. उत्पादनवाले घाईत असतात. बॅच थांबवा म्हणून सांगायला उद्याही तिथेच असणारा माणूस लागतो. आणि तपासनीस पुन्हा आले, तर लिहून दिलेल्या शब्दाचा जाब त्या मुलीला द्यावा लागला असता. तिची सही त्या उत्तरावर कुठेच नव्हती.

म्हणून नाही. आता ते लिहायचं कसं?

पहिला मसुदा फार लांब झाला. त्यात तपासणी आली, आक्षेप आला, तीन बॅचेस आल्या. वाचताना लक्षात आलं की मी कंपनीच्या घरातली गोष्ट बाहेरच्या माणसाला, तीही प्रतिस्पर्ध्यासाठी काम करणाऱ्या माणसाला, लिहून देत होते. दुसरा मसुदा भलताच आखडता. ‘सध्या शक्य नाही, पुढे जरूर संपर्कात राहू.’ हे वाचून मला माझ्या काकांची आठवण झाली. मुलगी नाकारायची असली की ते ‘कळवतो’ म्हणत. आपल्याकडे ‘बघू’, ‘कळवतो’, ‘सध्या नको’ ही सगळी नकाराचीच सभ्य नावं आहेत, आणि इंग्रजीतही वेगळं नाही. समोरच्याने ते नकार म्हणूनच नोंदवलं तर दोष माझा.

शिवाय ‘सध्या नाही’ याचा त्यांच्या बाजूने आणखी एक अर्थ होतो, तो म्हणजे ‘आकडा वाढवा’. तो दरवाजा बंद केला नाही, तर आठवड्याने नवा आकडा येणार आणि मग मी पुन्हा दोन रात्री जागणार.

शेवटी गेलं ते इंग्रजीतच, सात-आठ ओळींचं. त्याचा मराठी मतलब असा:

‘बोलल्याबद्दल आभार. हे पद माझ्या कामाचं आहे आणि गावही मला हवं तेच आहे, म्हणून विचार करून लिहिते आहे. माझ्या नावावर घेतलेलं एक काम ऑक्टोबरअखेरपर्यंत चालेल. ते अर्ध्यात सोडून मी निघणार नाही. प्रश्न पगाराचा नाही, त्यामुळे रक्कम वाढवून हे बदलणार नाही. माझ्यासाठी ही जागा थांबवून ठेवावी अशी अपेक्षा नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून पुणे, सातारा या पट्ट्यातल्या अशा कामाबद्दल बोलायला मी मोकळी आहे, आणि तेव्हा मीच तुम्हाला लिहीन. तोवर माझं नाव कुठल्याही कंपनीपुढे ठेवू नये ही विनंती. खाली माझा घरचा ईमेल आहे.’

‘जागा थांबवून ठेवावी अशी अपेक्षा नाही’ हे वाक्य लिहायला सगळ्यात वेळ लागला. कारण अपेक्षा होती. मनात कुठेतरी वाटत होतं की आठ महिने कुणीच मिळणार नाही आणि ती खुर्ची माझी वाट पाहील. तसं होत नसतं. ऑगस्टमध्ये हवा असलेला माणूस ऑगस्टच्या आसपास मिळतोच.

बाईंचा तासाभरात फोन आला. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तारीख दिलीत हे फार बरं केलंत. लोक नुसतं नंतर म्हणतात, मग आम्ही ते कुठे लिहून ठेवायचं?’ मग धंद्याची गोष्ट निघालीच: निदान सीव्ही तरी पाठवून ठेवा, आणि तुमच्या ओळखीत दुसरं कुणी? सीव्हीला मी नाही म्हटलं. मार्चचा सीव्ही नोव्हेंबरात शिळा होतो, आणि पाठवलेला कागद कुणाच्या ड्रॉवरमध्ये जाईल ते पाठवणाऱ्याच्या हाती नसतं. नावाबद्दल म्हटलं, विचारून सांगते. दोघांना फोन केले. अंकलेश्वरच्या एकाने नको म्हटलं. दुसरी माझी जुनी सहकारी, आता गोव्यात आहे. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, ‘तुलाच विचारलं होतं ना त्यांनी? मग तू का नाही जात?’ तिला सांगितलं. तिचं नाव, तिच्या परवानगीने, कळवलं.

हे करताना हात अडखळला हे लपवत नाही. ती जागा माझी नव्हती, पण दुसऱ्या कुणाला देऊन टाकल्यासारखी मात्र वाटली.

जुलैत तिचा फोन आला. तिला ती नोकरी मिळाली. ती पुण्यात घर बघत होती, आणि वाईचा रस्ता कसा आहे, तुझ्या आईला एकदा भेटून येईन म्हणत होती. मी आनंदाने बोलले. फोन ठेवल्यावर थोडा वेळ काही केलं नाही.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं, पण मैत्रीण ऑगस्टमध्ये खरंच तिच्याकडे जाऊन आली आणि सगळं उघड झालं. रविवारच्या फोनवर आईने सरळ विचारलं, ‘तुला बोलावलं होतं इकडे?’

‘हो.’

‘मग?’

‘सध्या नाही म्हटलं.’

‘सध्या म्हणजे कधी?’

‘नोव्हेंबरपासून बघणार आहे. पहिल्या आठवड्यात.’

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यात दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि तिच्या डोळ्याच्या तपासण्या लिहिलेल्या असतात. ‘थांब,’ ती म्हणाली, ‘पेन सापडत नाहीये.’